जेडी तुलनेचा तक्ता दर वेळी गंडतोय? या क्रमाने तपासून बघा

चाकणला ऑटो पार्ट्स बनवणाऱ्या एका कंपनीत मी एचआरमध्ये आहे आणि गेल्या काही वर्षांत एकच काम माझ्याकडे फिरून फिरून येतंय. वेगवेगळ्या टीममधल्या सारख्या वाटणाऱ्या पोस्टच्या जेडी, म्हणजे त्या पोस्टचं काम लिहिलेली जॉब डिस्क्रिप्शन, गोळा करायच्या, त्यातून क्वालिफिकेशन, जबाबदाऱ्या आणि कोण कोणाला रिपोर्ट करतं हे काढायचं आणि एका शीटमध्ये शेजारी शेजारी मांडायचं. दर वेळी पहिला तक्ता चुकतो आणि मजा म्हणजे चुका त्याच त्याच असतात. परवा दुसऱ्या प्लांटच्या एचआरमधल्या मैत्रिणीचा सेम रडगाण्याचा फोन आला तेव्हा म्हटलं एकदा लिहूनच टाकू.

आधी लक्षणं बघा, यातलं काय काय दिसतंय

रिपोर्टिंगचा कॉलम बऱ्याच ओळींत रिकामा आहे, पण मूळ फाइल उघडली की "रिपोर्ट्स टू" तिथे ढळढळीत लिहिलेलं आहे. अनुभवाच्या कॉलममध्ये "05-Aug" असं काहीतरी दिसतंय. एका जेडीत २२ जबाबदाऱ्या, दुसरीत ६, आणि दोन्ही माणसं तेच काम करतात असं सगळं शॉप फ्लोअर सांगतं. दोन पोस्ट तक्त्यात जुळ्या भावंडांसारख्या दिसतायत, पण त्यांच्या मॅनेजरना दाखवल्यावर दोघंही हसतात. किंवा याच्या उलट, ज्या दोन पोस्ट सारख्या असणार याची सगळ्यांना खात्री आहे त्यांच्यात तक्त्याला काहीच कॉमन सापडत नाही.

शेवटची दोन लक्षणं सगळ्यात घातक, कारण बाकीच्या चुका डोळ्याला खटकतात, या खटकत नाहीत, तक्ता एकदम सुबक दिसतो आणि तसाच मीटिंगमध्ये जातो.

खाली जे लिहितेय ते फुकट आणि पाच मिनिटांच्या गोष्टींपासून सुरू करून वेळखाऊ गोष्टींपर्यंत आहे. क्रम मोडू नका, कारण पहिल्या दोन चेकमध्येच निम्मी प्रकरणं मिटतात आणि ते न करता तुम्ही थेट जबाबदाऱ्यांच्या शब्दांवर वाद घालत बसलात तर अख्खा दिवस जातो.

उदाहरण म्हणून आमच्याकडच्याच तीन जेडी घेते. पहिली, प्लांटमधला सिनियर इंजिनियर क्वालिटी. दुसरी, परचेस टीममधला असिस्टंट मॅनेजर एसक्यूए, म्हणजे सप्लायरची क्वालिटी बघणारा. तिसरी, नवीन प्रॉडक्ट डेव्हलपमेंटमधला क्वालिटी लीड. प्रश्न असा होता की या तिघांतले कोणते दोघं खरंच एका प्रकारचं काम करतात, कारण एका जागेवरून दुसऱ्या जागेवर माणूस हलवायचा होता. माझ्या पहिल्या तक्त्याने ठामपणे सांगितलं की पहिला आणि दुसरा जवळपास एकच, ११ जबाबदाऱ्या कॉमन, आणि तिसरा वेगळा, फक्त ३ कॉमन. साफ चूक होतं ते. का चूक होतं ते पुढे येतंच.

चेक १: हातात आहे ती जेडीच आहे ना?

हसू नका. सगळ्यात स्वस्त चेक आहे आणि सगळ्यात जास्त लोक सोडतात. एकाच पोस्टची कंपनीत तीन कागदं फिरत असतात. एक भरतीची जाहिरात, जी जॉब पोर्टलवर टाकलेली असते. दुसरी ऑडिटच्या फाइलमधली, जी आयएसओ ९००१ किंवा आयएटीएफ १६९४९ या क्वालिटी स्टँडर्डच्या ऑडिटरला दाखवायला भरलेली असते. तिसरी त्या डिपार्टमेंटच्या हेडच्या लॅपटॉपवरची.

जाहिरातीतलं क्वालिफिकेशन मुद्दाम वर चढवलेलं असतं कारण भरतीवाल्यांना सीव्हींचा ढीग कमी करायचा असतो, आणि रिपोर्टिंग तर त्यात बहुतेक वेळा नसतंच. ऑडिटवाल्या जेडीत उलटं असतं, जबाबदाऱ्या भरपूर, कारण कोणाची काय जबाबदारी आणि काय अधिकार हे लिहून ठेवलेलं ऑडिटरला दाखवावं लागतं, मग जो तो सगळं कोंबतो. आता एका पोस्टची जाहिरात आणि दुसऱ्या पोस्टची ऑडिट कॉपी शेजारी ठेवली तर फरक पोस्टमधला दिसणार की कागदामधला?

तर शीटमध्ये पहिले तीन कॉलम हेच ठेवा: कागद कुठून आला, त्यावरची तारीख, रिव्हिजन नंबर. तारीखच नसेल तर त्या रांगेला रंग द्या. माझ्या तीनमधल्या दोन ऑडिट कॉपी होत्या आणि तिसरी, क्वालिटी लीडची, चक्क जाहिरात होती, म्हणून तिच्यात ९ च ओळी होत्या. तीन कॉमन का आले याचं निम्मं उत्तर इथेच.

चेक २: मजकूर पूर्ण बाहेर आलाय का?

फाइल उघडा, Ctrl+A, Ctrl+C, आणि साध्या नोटपॅडमध्ये पेस्ट करा. बस. जे नोटपॅडमध्ये आलं नाही ते तुमच्या शीटमध्येही येण्याची शक्यता कमी. काहीच आलं नाही तर तो स्कॅन आहे, म्हणजे फोटो आहे, आधी ओसीआर करावं लागेल, म्हणजे सॉफ्टवेअरने फोटोतली अक्षरं ओळखून मजकूर काढावा लागेल. इंग्रजी अक्षरांचा काला आला तर जेडी जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे, युनिकोडमध्ये नाही. स्क्रीनवर छान "पात्रता" दिसतं पण आत भलतीच अक्षरं असतात. सहकारी संस्था आणि जुन्या कारखान्यांकडून आलेल्या फाइलींत हे हमखास. अशी फाइल कन्व्हर्टरमधून काढा किंवा दोन पानं असतील तर सरळ हाताने टाइप करा, वेळ तेवढाच लागतो.

आता जे पायथनने वर्ड फाइली वाचतात त्यांच्यासाठी. रिपोर्टिंगचा कॉलम रिकामा यायचं हे नंबर एक कारण आहे आणि मी स्वतः यात दोनदा आपटलेय. `python-docx` मध्ये `paragraphs` म्हटलं की ते फक्त पानावरचे सुटे परिच्छेद देतं, टेबलमधला मजकूर देत नाही. आणि आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक जेडीत वरती एक चौकट असते, पदनाम, विभाग, ग्रेड, रिपोर्ट्स टू, सगळं त्या टेबलमध्ये! म्हणजे नेमकी जी माहिती सगळ्यात महाग आहे तीच गळते. टेबल वेगळं वाचावं लागतं:

```python
from docx import Document
d = Document("JD_SQA.docx")
for t in d.tables:
    seen = []
    for r in t.rows:
        for c in r.cells:
            if c._tc not in seen:
                seen.append(c._tc)
                print(c.text)
```

ते `seen` कशासाठी असं विचाराल, तर मर्ज केलेला सेल असेल की तोच मजकूर परत परत येतो. चार कॉलम मर्ज करून एक लांब जबाबदारी लिहिली असेल तर ती चार वेळा मोजली जाते. २२ विरुद्ध ६ यातला काही फरक इथूनही निघतो. पानाच्या डोक्यावरच्या हेडरमध्ये किंवा टेक्स्ट बॉक्समध्ये काही लिहिलं असेल तर ते यातही येणार नाही, म्हणून नोटपॅडनंतर एकदा मूळ फाइल डोळ्यांनी बघणं सुटत नाही.

हाताने कॉपी पेस्ट करणाऱ्यांनी हे सगळं सोडा, फक्त वरची चौकट वेगळी उचलली का तेवढं बघा.

चेक ३: एक्सेलने मध्येच हात मारलाय का?

"05-Aug" चं कोडं हे. जेडीत लिहिलेलं असतं 5-8 वर्षं, तुम्ही "वर्षं" काढून 5-8 पेस्ट करता, एक्सेलला वाटतं ही तारीख आहे आणि तो ५ ऑगस्ट करून टाकतो. लॅपटॉपची सेटिंग अमेरिकन असेल तर ८ मे. २०२४ मध्ये मी त्या कॉलमचा फॉरमॅट नंबर केला तर आकडा आला 45509. म्हणजे आमच्या सिनियर इंजिनियरला पंचेचाळीस हजार वर्षांचा अनुभव हवा होता, डायनासोर नाही तर निदान मॅमथ पाहिलेला माणूस हवा.

पेस्ट केल्यावर फॉरमॅट बदलून उपयोग नाही, तोपर्यंत 5-8 गेलेलं असतं. कॉलम आधी टेक्स्ट करा. त्याहून बरं म्हणजे किमान अनुभव आणि कमाल अनुभव असे दोन कॉलम करा, तुलना तशीही किमानवरच करायची असते.

अजून एक. दोन ओळी अक्षर न अक्षर सारख्या दिसतात पण एक्सेल म्हणतं वेगळ्या. पीडीएफ किंवा वेबवरून आलेल्या मजकुरात एक वेगळ्या जातीची स्पेस असते, ती `TRIM` ने जात नाही. हे वापरा:

```
=TRIM(SUBSTITUTE(D2,CHAR(160)," "))
```

चेक ४: क्वालिफिकेशन म्हणजे नक्की काय उचललंय?

इथपर्यंत फाइल आणि एक्सेलच्या भानगडी होत्या, आता वाचायचं काम सुरू.

आमच्या पहिल्या जेडीत होतं: बीई मेकॅनिकल / डिप्लोमा, ५ ते ८ वर्षं. आता ५ ते ८ हे दोघांना लागू की फक्त डिप्लोमावाल्याला? लिहिणाऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "अहो बीईला ५ चालतात, डिप्लोमाला ८ पाहिजेत." म्हणजे ती रेंजच नव्हती! दोन वेगळ्या वाटा होत्या त्या एका तिरक्या रेघेत बसवलेल्या. तक्त्यात ही एक ओळ म्हणून गेली की किमान अनुभव ५ दिसतो आणि डिप्लोमावाला कोणी अर्ज करतो ५ वर्षांवर आणि मग वाद.

म्हणून तिरकी रेघ, "किंवा", "समकक्ष" दिसलं की त्या पोस्टला शीटमध्ये दोन ओळी द्या, प्रत्येक वाटेला एक. आणि "असल्यास प्राधान्य" वालं सगळं दुसऱ्या कॉलममध्ये टाका, सक्तीच्या शेजारी नको. एसक्यूएच्या जेडीत "एमबीए प्रेफर्ड" होतं आणि मी ते पहिल्या फेरीत सक्तीचं म्हणून घेतलं, त्यामुळे तो एकदम वरच्या दर्जाचा दिसायला लागला. प्रत्यक्षात त्या खुर्चीवर आजपर्यंत एकही एमबीए बसलेला नाही.

यापलीकडे क्वालिफिकेशनवर फार वेळ घालवू नका. कामं सारखी आहेत का हे क्वालिफिकेशनवरून फारसं कळत नाही, त्या काळात बाजारात कशी माणसं मिळत होती एवढंच कळतं.

चेक ५: जबाबदाऱ्या. इथे थांबून काम करायचं

पहिली पायरी, सगळ्या जेडींना चिकटलेल्या ओळी वेगळ्या करा. फाइव्ह एस पाळणे म्हणजे जागा नीटनेटकी ठेवणे, सेफ्टीचे नियम, कायझेन म्हणजे सुधारणेच्या सूचना देणे, ऑडिटची तयारी, ट्रेनिंगला बसणे, आयएटीएफची कागदपत्रं अपडेट ठेवणे, आणि ती अजरामर ओळ, "वरिष्ठ सांगतील ती इतर कामे". या खोट्या नसतात, पण फिटरपासून प्लांट हेडपर्यंत सगळ्यांना असतात, त्यामुळे दोन पोस्टमधला फरक त्या सांगूच शकत नाहीत, फक्त सारखेपणा फुगवतात. एका कॉलममध्ये सगळ्या जेडींच्या सगळ्या ओळी खाली खाली लावा आणि शेजारी:

```
=COUNTIF(D:D,D2)
```

ज्या ओळीचा आकडा जवळपास एकूण जेडींइतका येतो ती बाजूला काढा, डिलीट करू नका, फक्त तुलनेत घेऊ नका. लक्षात ठेवा, ओळ २५५ अक्षरांपेक्षा लांब असेल तर `COUNTIF` एरर देतं, आपल्याकडे अशा लांबलचक ओळी कमी नाहीत, त्या आधी तोडाव्या लागतात.

आमच्याकडे अशा ७ ओळी निघाल्या. पहिल्या जेडीत १६ पैकी ७ गेल्या, उरल्या ९. दुसरीत १४ पैकी ७ गेल्या, उरल्या ७. म्हणजे त्या दोघांत ज्या ११ ओळी कॉमन दिसत होत्या त्यातल्या ७ तर सगळ्या कंपनीच्याच होत्या. खरे कॉमन उरले ४.

आता हे ४ जवळून बघू, कारण खरी गंमत इथे आहे. त्यातल्या दोन ओळी होत्या पीपॅप आणि एट-डी च्या. बाहेरच्या लोकांसाठी सांगते, पीपॅप म्हणजे नवीन पार्ट मोठ्या प्रमाणात बनवायच्या आधी तो नीट बनू शकतो याचे पुरावे कस्टमरला देऊन मंजुरी घ्यायची फाइल, आणि एट-डी म्हणजे तक्रार आली की कारण शोधून उपाय लिहायचा आठ पायऱ्यांचा रिपोर्ट. दोन्ही जेडीत दोन्ही शब्द. मी शब्दावर जुळवलं, जुळलं.

पण पहिल्या जेडीत होतं "कस्टमरला पीपॅप सबमिट करणे" आणि एसक्यूएच्या जेडीत "सप्लायरचे पीपॅप तपासून मंजूर करणे". एक जण परीक्षेला बसतो, दुसरा पेपर तपासतो. एट-डीचंही तेच, प्लांटवाला स्वतः कारण शोधून लिहितो आणि कस्टमरचे बोल खातो, एसक्यूएवाला सप्लायरकडून लिहून घेतो आणि पटलं नाही तर परत पाठवतो. कागदाचं नाव एक, टेबलाच्या बाजू दोन. लागणारं कौशल्यही वेगळं, एकाला प्रोसेस आतून माहीत पाहिजे, दुसऱ्याला बाहेरच्या दहा कारखान्यांत जाऊन खोट पकडता आली पाहिजे आणि वर सप्लायरला दुखवायचंही नाही.

म्हणून ओळ जशीच्या तशी जुळवू नका, तिचे तीन तुकडे करा. क्रियापद काय, कशावर, आणि कोणासाठी. "पीपॅप" हा मधला तुकडा, तो एकटा काहीच सांगत नाही. क्रियापदांतही बनवणे, तपासणे, मंजूर करणे, आणि मदत करणे या चार ढिगांत सगळं घाला. "सुनिश्चित करणे" नावाचं क्रियापद दिसलं की सावध व्हा, ते चारही ढिगांत बसतं. ते लिहिणाऱ्याला विचारायचं, "सुनिश्चित म्हणजे तुम्ही सही करता की फक्त फॉलोअप घेता?" आमच्याकडे दहातल्या आठ वेळा उत्तर येतं, फॉलोअप. आणि एका ओळीत "आणि" ने जोडलेली तीन कामं असतील तर तीन ओळी करा, नाहीतर थोडक्यात लिहिणाऱ्याचं काम कमी दिसतं.

एवढं केल्यावर पहिल्या दोघांत खरंच कॉमन उरल्या २ ओळी, रिजेक्शनचं विश्लेषण आणि गेज कॅलिब्रेशनचा फॉलोअप.

आणि तिसरा, क्वालिटी लीड? त्याची जाहिरात बाजूला ठेवून डिपार्टमेंटकडून खरी जेडी मागवली. तीही ९ च ओळींची निघाली, नवीन फॉरमॅट, कमी शब्द, दोनच कंपनीवाल्या ओळी, उरल्या ७. शब्द सगळे वेगळे, "लाँच रेडीनेस", "कस्टमर अप्रूव्हल" असली भाषा. तुकडे केल्यावर कळलं की "कस्टमर अप्रूव्हल मिळवणे" म्हणजे पीपॅप सबमिट करणंच! कंट्रोल प्लॅन बनवणे, प्रोसेस कुठे कुठे बिघडू शकते ते मांडणारी पीएफएमईए बनवणे, प्रोसेस कपॅबिलिटी काढणे, कस्टमरच्या शंकांना उत्तर देणे, हेही पहिल्याशी जुळलं. ७ पैकी ५.

म्हणजे आधी ११ विरुद्ध ३ होतं, ते झालं २ विरुद्ध ५. उत्तर पूर्ण उलटं.

चेक ६: रिपोर्टिंग, कागदावरचं आणि खरं

आधी कॉलम दोन करा. एक प्रशासकीय, म्हणजे रजा कोण मंजूर करतं आणि अप्रेझल कोण लिहितं. दुसरा कामाचा, म्हणजे काम कोण सांगतं. जेडीत "डॉटेड लाइन" लिहिलं असेल तर ते दुसऱ्यात. प्लांट क्वालिटीचा माणूस प्लांट हेडच्या साखळीत असतो, पण कॉर्पोरेट क्वालिटीलाही बांधलेला असतो, आणि एकच कॉलम असला की भरणारा त्या दिवशी जो आठवेल तो टाकतो. माझ्या एका तक्त्यात एकाच पदाचे दोन प्लांटमध्ये दोन वेगळे बॉस दिसत होते ते याच्यामुळे.

दुसरं, माणसाचं नाव नको, पदाचा कोड हवा. एसक्यूएच्या जेडीत रिपोर्ट्स टू मध्ये एका सरांचं नाव होतं जे कधीच कंपनी सोडून गेले. जागा रिकामी असली तरी साखळीत ती असते, नावाने शोधलं की साखळी तिथेच तुटते. पदाचे कोड तुमच्या एचआर सॉफ्टवेअरमधून मिळतील, नसतील तर स्वतःचे पाडा, P001, P002 असे.

मग A मध्ये पदाचा कोड, B मध्ये पदनाम, C मध्ये वरच्याचा कोड. सगळ्यात वर एक खोटी ओळ घाला, A आणि C दोन्हीत `TOP`, आणि एमडीच्या C मध्ये `TOP`. D मध्ये हे टाकून उजवीकडे सहासात कॉलम आणि खाली शेवटपर्यंत ओढा:

```
=XLOOKUP(C2,$A:$A,$C:$C,"तुटली")
```

प्रत्येक ओळ शेवटी `TOP` ला पोचली पाहिजे. "तुटली" आलं तर तो वरचा कोड तुमच्या यादीत नाही. आणि कुठलाच `TOP` न येता तेच दोन कोड आलटून पालटून यायला लागले तर दोघं एकमेकांना रिपोर्ट करतायत, हे वाचायला विनोदी वाटतं पण टीमची अदलाबदल झाल्यावर एकच जेडी अपडेट झाली की होतंच.

आता यातून निघणारा आकडा, म्हणजे एमडीपासून किती पायऱ्या खाली, तो जपून वापरा. आमचा क्वालिटी लीड एक पायरी वर दिसत होता, लगेच मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं, हा सिनियर आहे. सिनियर नाही हो, त्याचं डिपार्टमेंट छोटं आहे, मधे मॅनेजरच नाही. पायऱ्यांची तुलना एकाच टीममध्ये करा, टीम ओलांडून करताना शेजारी डिपार्टमेंटची माणसं किती तो आकडा लिहा.

खाली किती माणसं आहेत हेही तसंच फसवतं. प्लांटच्या सिनियर इंजिनियरच्या जेडीत "टीम साइज १८". विचारल्यावर कळलं कंपनीच्या रोलवर ३, बाकी १५ कॉन्ट्रॅक्टरचे, ज्यांची रजा आणि पगार कॉन्ट्रॅक्टर बघतो. दोन आकडे वेगळे लिहा. १८ माणसांचा बॉस आणि ३ माणसांचा बॉस यात फार फरक आहे.

चेक ७: माणसाला जाऊन विचारा

सगळ्यात महाग चेक, कारण लोकांचा वेळ जातो, म्हणून शेवटी. पण वरचे सहा केल्यावर प्रश्न इतके नेमके झालेले असतात की वीस मिनिटांत काम होतं. "तुमचं काम सांगा" असं विचारू नका, तुम्हाला जेडी पाठ म्हणून दाखवतील. मागच्या आठवड्यात कशाकशावर सही केली, मेल सीसीमध्ये कोण होतं, अडलं तर पहिला फोन कोणाला केला, हे विचारा. सही म्हणजे अधिकार, पहिला फोन म्हणजे खरं रिपोर्टिंग.

एसक्यूएवाल्याकडे मी गेले तेव्हा त्याच्या हेडनेच आधी सांगून टाकलं, "मॅडम, ती जेडी ऑडिटच्या आदल्या रात्री प्लांटच्या जेडीवरून कॉपी मारलीय, बदलायची राहून गेली." इतक्या सारख्या ओळींचं कोडं दोन मिनिटांत सुटलं. आधीच का नाही गेलात असं विचाराल तर आधी गेले असते तेव्हा मला काय विचारायचं तेच माहीत नव्हतं.

मॅनेजर आणि तो माणूस दोघांची उत्तरं जुळली नाहीत तर शीटमध्ये दोन्ही लिहा, तुम्ही न्यायाधीश होऊ नका.

कुठे थांबायचं

माणूस हलवायचा, ट्रेनिंग ठरवायचं, जेडी नीट लिहून काढायची, एवढ्यासाठी हा तक्ता पुरतो. पुढच्या तीन वेळी मी हात आखडता घेते आणि तुम्हीही घ्या.

एक, तक्त्यावरून ग्रेड किंवा पगार ठरणार असेल तर. "५ ओळी कॉमन" म्हणजे काम तेवढ्याच वजनाचं असं होत नाही. त्याला जॉब इव्हॅल्युएशन लागतं, उदाहरणार्थ Hay नावाच्या पद्धतीत ज्ञान, प्रश्न सोडवणं आणि जबाबदारी यांना वेगवेगळे गुण देतात, आणि ते शिकलेल्या माणसानेच करावं. कॉम्पेन्सेशन कन्सल्टंट बोलवा, तुमची स्वच्छ शीट त्याच्या हातात द्या, त्याचं निम्मं काम वाचतं आणि बिलही थोडं कमी होतं.

दोन, समोरचा माणूस कायद्याने "कामगार" आहे की नाही असा प्रश्न निघाला तर लगेच थांबा. जेडीत मॅनेजर लिहिलंय म्हणून तो मॅनेजर होत नाही, कोर्ट पदनाम बघत नाही, तो प्रत्यक्षात मुख्यतः काय काम करतो ते बघतं. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत सुपरवायझरसाठी महिना १८,००० रुपयांची मर्यादाही आहे, त्याहून कमी पगार असेल तर सुपरवायझरही कामगारात येतो. हे लेबर लॉच्या वकिलाचं काम आहे, आणि तुमचा अर्धवट तक्ता उद्या समोरच्या वकिलाच्या फाइलमध्ये निघू शकतो, म्हणून तोपर्यंत तो मेलवर फिरवूही नका.

तीन, तीच कामं करणाऱ्या बाई आणि पुरुषाच्या पगारात फरक आहे असं शीटमध्ये दिसलं तर. ते लपवायचं नाही आणि स्वतः निकालही लावायचा नाही, एचआर हेड आणि वकील दोघांना एकत्र दाखवायचं.

आमच्या केसमध्ये यातलं काही नव्हतं. शेवटी एसक्यूएवाला नाही, प्लांटचा सिनियर इंजिनियर डेव्हलपमेंटच्या टीमला गेला, आणि आता त्याच्या जुन्या जागेची जेडी परत लिहायचीय. तिच्यातली "टीम साइज १८" वाली ओळ अजून कोणी बदललेली नाही, परवाच उघडून बघितली.